आभाळ खालच्या कडेला कसं उतरतं?

गडाच्या पायथ्याशी उभं राहून माथ्याकडे कॅमेरा रोखला, की फोटोत वर पांढरंफटक आभाळ येतं आणि खाली काळाकभिन्न कातळ. असा फोटो संगणकावर जरासा धूसर करायचा, एवढंच काम आहे असं समजा. ते फूरियरच्या वाटेने केलं आणि एक पायरी गाळली, तर फोटो धूसर होतो खरा, पण कातळाच्या अगदी तळाशी एक उजळ पट्टी उमटते. वर आभाळाच्या कडेला तशीच एक मळकट पट्टी दिसते. लेन्सवर डाग नव्हता, कातळावर ऊन नव्हतं. तळाची उजळ पट्टी म्हणजे वरचंच आभाळ, फोटोच्या वरच्या कडेतून बाहेर पडून खालच्या कडेतून आत शिरलेलं.

चित्रप्रक्रियेत याला रॅपअराउंडची चूक म्हणतात. ती टाळायची रीत म्हणजे चित्राला आणि फिल्टरला आधीच शून्यांची जोड देणं, म्हणजे पॅडिंग. हे बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतं. शून्यं किती जोडायची, हे मात्र पुष्कळजण अंदाजानेच ठरवतात.

आधी धूसर करणं म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याच्या आसपासच्या पिक्सेलांची सरासरी ठेवायची. आसपास म्हणजे किती, ते फिल्टर ठरवतो. ३१ × ३१ चा फिल्टर घेतला, तर एका पिक्सेलसाठी ९६१ किंमती गोळा कराव्या लागतात. फोटो १०८० ओळींचा आणि १९२० स्तंभांचा, म्हणजे पूर्ण एचडी असेल, तर पिक्सेल झाले २०,७३,६०० आणि गुणाकार जवळजवळ १९९ कोटी. या सरळ वाटेला कन्व्होल्यूशन म्हणतात. ३ × ३ च्या फिल्टरला ती उत्तम आहे, तिथे फूरियरच्या भानगडीत पडूच नये. पण फिल्टर मोठा होत गेला, की ती जड जाते.

दुसरी वाट अशी की चित्र लाटांमध्ये फोडायचं. प्रत्येक लाट चित्रात किती प्रमाणात आहे, याचा तक्ता म्हणजे चित्राचा स्पेक्ट्रम. फिल्टरचाही तसाच स्पेक्ट्रम काढायचा, दोन्ही तक्ते जागच्या जागी गुणायचे आणि उलट्या रूपांतराने चित्र परत मिळवायचं. जिथे एका पिक्सेलमागे ९६१ गुणाकार होते, तिथे लाटेमागे एकच गुणाकार उरतो. लाटांत फोडण्याचं काम झटपट करण्याची रीत जेम्स कूली आणि जॉन ट्यूकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. तिला आपण एफएफटी म्हणतो. ही रीत हाती आल्यामुळेच मोठ्या फिल्टरसाठी दुसरी वाट परवडू लागली.

घोळ होतो तो लाटांच्या स्वभावामुळे. संगणक ज्या लाटा वापरतो, त्या चित्राच्या रुंदीत नेमक्या पूर्ण संख्येने बसतात: एक, दोन, तीन, चार. त्यामुळे प्रत्येक लाट उजव्या कडेला पोचते, तेव्हा ती डाव्या कडेला जिथून निघाली होती त्याच उंचीवर असते. अशा लाटांना कड ठाऊकच नसते. त्यांच्या हिशेबी चित्र एकटं नाही. त्याच चित्राच्या प्रती फरशांसारख्या एकमेकींना चिकटवून सगळीकडे पसरल्या आहेत. कातळाच्या शेवटच्या ओळीखाली पुढच्या प्रतीचं आभाळ सुरू होतं. कातळावरच्या पिक्सेलची सरासरी काढताना फिल्टर खाली पंधरा ओळी उतरतो आणि तिथलं आभाळ प्रामाणिकपणे उचलून आणतो. संगणकाने गणित चुकवलेलं नसतं. स्पेक्ट्रमच्या गुणाकाराचा अर्थच मुळी असा गोल फिरणारा कन्व्होल्यूशन आहे.

हे आकड्यांत पाहिलं, की पुढचं सगळं सोपं जातं. चित्राची एकच ओळ घेऊ, सहा पिक्सेलांची: ३०, ३०, ३०, ३०, ३०, २१०. पाच काळपट, शेवटचा उजळ. फिल्टर तीन घरांचा, प्रत्येक घरात एकतृतीयांश. कन्व्होल्यूशनकडे वाटप म्हणूनही पाहता येतं. प्रत्येक पिक्सेल आपल्या किमतीचे तीन सारखे वाटे करतो. एक वाटा स्वतःच्या जागी ठेवतो आणि उरलेले पुढच्या दोन जागांना देतो. शेवटच्या २१० चे वाटे ७०-७० चे. ते सहाव्या, सातव्या आणि आठव्या जागी जायला हवेत. म्हणजे सहा पिक्सेलांच्या ओळीला उत्तरासाठी आठ जागा लागतात, आणि सगळ्या बेरजा केल्यावर त्यांत हे आकडे येतात: १०, २०, ३०, ३०, ३०, ९०, ८०, ७०.

आता जोड न देता स्पेक्ट्रम गुणले, तर जागा सहाच मिळतात. सातव्या जागेचे ८० पहिल्या जागेत येऊन पडतात आणि आठव्या जागेचे ७० दुसऱ्या जागेत. उत्तर होतं: ९०, ९०, ३०, ३०, ३०, ९०. फिल्टरचा मध्य एक घर पुढे असल्यामुळे पहिल्या पिक्सेलचं उत्तर दुसऱ्या जागी वाचायचं असतं. तिथे २० यायला हवे होते, आले ९०. ज्या पिक्सेलच्या आसपास ३० खेरीज काहीच नाही, तो तिप्पट उजळ झाला, कारण ओळीच्या दुसऱ्या टोकाचा २१० त्याचा शेजारी ठरला.

उपायही इथेच दिसतो. रूपांतर करण्याआधी ओळीच्या शेवटी दोन शून्यं जोडून ती आठ जागांची करायची. फिल्टरही आठ जागांचाच करायचा, म्हणजे त्याच्या तीन घरांपुढे पाच शून्यं. मग सातवा आणि आठवा वाटा हक्काच्या जागी पडतो, कुणाच्या डोक्यावर चढत नाही. चित्राची लांबी A आणि फिल्टरची C असेल, तर नवी लांबी P किमान A + C − 1 हवी: ६ + ३ − १ = ८. चित्र दोन दिशांना पसरलेलं असल्यामुळे हाच हिशेब दोनदा करायचा, ओळींसाठी P ≥ A + C − 1 आणि स्तंभांसाठी Q ≥ B + D − 1. दोन्ही दिशा एकमेकींवर अवलंबून नाहीत. ओळी वाढवल्या आणि स्तंभ विसरले, तर वरखालचा गोंधळ थांबतो, पण डाव्या-उजव्या कडांचा तसाच राहतो.

एफएफटी प्रसिद्ध झाल्यावर साधारण वर्षभरातच ही गोष्ट कागदावर आली. एमआयटीतले थॉमस स्टॉकहॅम यांनी १९६६ च्या एका संगणक परिषदेत एफएफटीने वेगवान कन्व्होल्यूशन कसं करायचं ते मांडलं. गोल फिरणाऱ्या उत्तराला शून्यं जोडून सरळ करण्याची युक्ती त्यातच आहे. हेच स्टॉकहॅम पुढे वॉटरगेट प्रकरणातल्या, साडेअठरा मिनिटं पुसल्या गेलेल्या ध्वनिफितीची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटात होते. डिजिटल ध्वनिमुद्रणात त्यांचं नाव जास्त घेतलं जातं, पण चित्रवाल्यांवर त्यांचे उपकार कमी नाहीत.

जोडीच्या बाबतीत दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे फिल्टर चित्राएवढा व्हावा म्हणून तो फोटोसारखा ताणून मोठा करणं. ३१ घरांचा फिल्टर ताणला, की तो वेगळाच फिल्टर होतो. त्याच्या घरांना हातही न लावता भोवती शून्यंच भरायची असतात. दुसरी चूक म्हणजे आधी रूपांतर करणं आणि मग स्पेक्ट्रमला शून्यं जोडणं. त्याने चित्राचे पिक्सेल जास्त दाट होतात, कडेबाहेर मोकळी जागा मात्र तयार होत नाही. जोड रूपांतराच्या आधी, चित्राला द्यायची.

आता आकाराकडे वळू. आपल्या एचडी फोटोला ३१ × ३१ च्या फिल्टरसाठी किमान १११० ओळी आणि १९५० स्तंभ लागतात. गणित इथे संपतं, पण संगणकाचं काम इथे सुरू होतं. एफएफटीचा वेग लांबीचे अवयव पाडण्यातून येतो. लांबी २, ३, ५ अशा छोट्या अवयवांत फुटली, की काम लहान लहान तुकड्यांत उरकतं. १११० चे अवयव आहेत २, ३, ५ आणि ३७. त्यातला ३७ फुटत नाही. मोठी मूळ संख्या आली तरी चांगल्या लायब्ररी उत्तर बरोबरच देतात, पण वळसा घेऊन. म्हणून १११० वर न थांबता त्याच्या पुढची सोयीची संख्या घ्यायची. २, ३ आणि ५ एवढ्याच अवयवांची अट ठेवली, तर ती संख्या ११२५ आहे, म्हणजे ९ गुणिले १२५. १९५० मध्ये १३ लपलेला आहे. तो टाळून पुढची संख्या शोधली, तर थेट २००० येते. पन्नास स्तंभ जास्त गेले, तरी एकूण जागा साडेबावीस लाखच झाल्या. मूळ चित्र पावणेएकवीस लाखांचं होतं.

जुन्या वह्यांमध्ये दोनाचा घात घ्या असा सल्ला सापडतो. तो पाळला, तर १११० साठी २०४८ आणि १९५० साठीही २०४८ घ्यावे लागतात. जागा होतात जवळजवळ ४२ लाख. निम्मी मेहनत निव्वळ शून्यांवर खर्च होते. हा सल्ला ज्या काळात एफएफटीचे प्रोग्रॅम फक्त दोनाच्या घातांवरच चालत, त्या काळचा आहे. आजच्या लायब्ररींना तीन आणि पाचही चालतात. एमआयटीत लिहिलेल्या एफएफटीडब्ल्यूला तर सातही मानवतो, आणि अकरा किंवा तेरा एकदाच आला तरी ती कुरकुर करत नाही. म्हणजे १९५० तिथे तसाच चालला असता. सोयीची संख्या कोणती हे लायब्ररीवर ठरतं, म्हणून ती तिलाच विचारावी. ओपनसीव्हीत त्यासाठी `getOptimalDFTSize` आहे, सायपायमध्ये `next_fast_len`.

पायथनमध्ये सगळं मिळून एवढंच होतं. `f` हे चित्र आणि `h` हा फिल्टर:

```python
import numpy as np, cv2
A, B = f.shape
C, D = h.shape
P = cv2.getOptimalDFTSize(A + C - 1)
Q = cv2.getOptimalDFTSize(B + D - 1)
F = np.fft.rfft2(f, (P, Q))
H = np.fft.rfft2(h, (P, Q))
g = np.fft.irfft2(F * H, (P, Q))
r, c = (C - 1)//2, (D - 1)//2
g = g[r:r+A, c:c+B]
```

`rfft2` ला आकार दिला, की ती शून्यं स्वतःच खाली आणि उजवीकडे भरते. शेवटच्या दोन ओळींकडे मात्र नीट पाहा. फिल्टरचा मध्य डाव्या वरच्या कोपऱ्यात नसून पंधरा घरं आत आहे, म्हणून उत्तरही पंधरा ओळी खाली आणि पंधरा स्तंभ उजवीकडे सरकलेलं येतं. तिथूनच ते कापून घ्यायचं. हे विसरलं, तर धूसर झालेला फोटो मूळ फोटोवर नीट बसत नाही. दोन्ही एकमेकांतून वजा करून बारकावे काढायचे असले, तर प्रत्येक कडेला दुहेरी रेघ दिसते.

कापण्याचा हा मुद्दा समजला, की आणखी थोडी बचत करता येते. सहा पिक्सेलांच्या ओळीत आपल्याला दुसऱ्या जागेपासून सातव्या जागेपर्यंतचंच उत्तर हवं होतं. आठ ऐवजी सातच जागा दिल्या, तर आठव्याचे ७० पहिल्या जागेवर पडतात. पण पहिली जागा आपण वाचतच नाही! पडू देत. म्हणजे उत्तर मूळ चित्राएवढंच हवं असेल, तर पूर्ण C − 1 ऐवजी त्याच्या निम्मी जोड पुरते. एचडी फोटोला मग १०९५ आणि १९३५ एवढंच लागतं. सोयीच्या संख्या होतात ११२५ आणि १९४४. एका फोटोत हे जाणवणारही नाही. दिवसभर व्हिडिओच्या फ्रेमवर फ्रेम उलगडणाऱ्याने मात्र हा हिशेब जरूर मांडावा.

आणि मुळीच जोड दिली नाही, तर किती बिघडतं? ३१ च्या फिल्टरने चारही कडांना पंधरा-पंधरा पिक्सेलांची चौकट नासते, आत सगळं अचूक असतं. नासलेले पिक्सेल ८९,१००, म्हणजे फोटोचे साधारण सव्वाचार टक्के. कडा कापूनच टाकायच्या असतील, तर जोड न देणं हासुद्धा शहाणपणाचा पर्याय आहे. पाठ्यपुस्तकं हे क्वचितच सांगतात.

शून्यांनी सगळंच भागतं असंही नाही. आठ जागांच्या बरोबर उत्तरात पहिल्या पिक्सेलला २० मिळाले होते, आसपास सगळीकडे ३० असताना. कडेबाहेर काळोख आहे असं मानलं, म्हणून सरासरीत एक शून्य आलं. फोटोला जोड दिल्यावर पांढऱ्या आभाळाच्या कडेला जी काळसर किनार येते, तिचं कारण हेच. ती रॅपअराउंड नाही, आणि जोड वाढवून ती जाणारही नाही. ती घालवायची, तर चित्राच्या चारही बाजूंना आधी पंधरा पिक्सेलांचं आरशातलं प्रतिबिंब लावायचं, रूपांतर करायचं आणि शेवटी मधला भाग कापून घ्यायचा. अशा वेळी वेगळी शून्यं फक्त सोयीच्या संख्येपर्यंत पोचण्यापुरतीच लागतात. गुंडाळून येणारा कचरा प्रतिबिंबाच्या पट्टीत पडतो, आणि ती पट्टी आपण फेकूनच देणार असतो.

आता दुप्पट आकाराच्या नियमाबद्दल. गोन्झालेस आणि वुड्स यांच्या डिजिटल इमेज प्रोसेसिंगवरच्या पाठ्यपुस्तकात P = 2M, Q = 2N असा सुटसुटीत नियम आहे. तो पाठ करून पुष्कळजण ३१ घरांच्या फिल्टरलाही चित्र दुप्पट करतात आणि २१६० × ३८४०, म्हणजे सुमारे ८३ लाख जागा घेऊन बसतात. उत्तर बरोबरच येतं, पण काम पावणेचारपट होतं. हा नियम फिल्टर चित्राएवढाच मोठा असेल तिथला आहे. फिल्टर पिक्सेलांत न मांडता थेट स्पेक्ट्रममध्ये आखला जातो, तिथे असं होतं. अमुक वारंवारतेच्या आतल्या लाटा ठेवायच्या, बाहेरच्या कापायच्या, असा आदर्श लो-पास फिल्टर घेतला, तर पिक्सेलांत त्याच्या वळ्या क्षीण होत होत दूरवर पसरतात आणि कुठेच संपत नाहीत. त्याला शून्यं जोडायची, तर आधी तो कुठेतरी तोडावा लागेल. तोडलं, की नव्या लहरी उमटतात. म्हणून त्याच पुस्तकातला मार्ग असा की फक्त चित्राला जोड देऊन ते दुप्पट करायचं आणि फिल्टर सुरुवातीपासूनच त्या मोठ्या आकाराचा आखायचा. याने रॅपअराउंड पुरता जात नाही, पण कमी होतो. गाउसियन फिल्टरची शेपटी लवकर विरते, त्यामुळे तिथे उरलेली चूक सहसा डोळ्यांना दिसत नाही. आदर्श फिल्टरच्या बाबतीत ती खात्री देता येणार नाही.

आपला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही, हे फोटोकडे बघून ठरवू नका. करड्या रंगाच्या सारख्या पार्श्वभूमीवर ही चूक झाकून जाते, कारण समोरच्या कडेवरही तोच रंग असतो. त्यापेक्षा १०८० × १९२० चं पूर्ण काळं चित्र घ्या आणि सगळ्यात खालच्या, सगळ्यात उजव्या पिक्सेलमध्ये ९६१ ही किंमत ठेवा. ३१ × ३१ चा सरासरीचा फिल्टर चालवा आणि उत्तरातल्या सगळ्या पिक्सेलांची बेरीज करा. बेरीज २५६ आली, तर काम चोख झालं: १६ × १६ चा तुकडा चित्रात राहिला, बाकीचा कडेबाहेर गेला. ९६१ आली, तर एकही कण बाहेर गेला नाही, सगळं गुंडाळून उरलेल्या तीन कोपऱ्यांत आलं आणि जोड लागलीच नाही. जोड दिली, पण उत्तर कापताना मध्य विसरला, तर बेरीज येते १.